दिवाळी फराळाचं महिनाभराचं कॅप्शन कॅलेंडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत घरातूनच फराळ करते. भाजणी, तळण, पॅकिंग, फोटो, कॅप्शन, उधारीची वही, सगळं एकटीच बघते. माझ्यासारख्याच घरून फराळ, मसाले, पापड करणाऱ्या बायका (आणि आता दोन-तीन पुरुषही) एकमेकींना सतत तेच प्रश्न विचारत असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: 2026 ची दिवाळी. लक्ष्मीपूजन रविवारी 8 नोव्हेंबरला आहे. आपला महिना 8 ऑक्टोबर ते 6 नोव्हेंबर असा धरू.

1. कॅप्शनचं कॅलेंडर म्हणजे नक्की काय? त्याला अ‍ॅप लागतं का?

कुठल्या दिवशी कुठला फोटो, त्याखाली कोणते शब्द आणि ते वाचून माणसाने काय करायचं, हे आधी लिहून ठेवलेलं पान म्हणजे कॅलेंडर. मी शंभर पानी वहीच्या मधल्या जोडपानावर आखते, कारण ते स्वयंपाकघरात ओट्याशेजारी उघडं राहतं. मोबाइलवरची शीटही चालते, पण तेलाच्या हाताने ती उघडत नाही.

रकाने पाचच: तारीख आणि वार, त्या दिवशी घरात काय चाललंय, फोटो, कॅप्शन, आणि शेवटी "किती डबे बाकी". हा शेवटचा रकाना बहुतेक जणी आखतच नाहीत. तो का लागतो ते प्रश्न 9 मध्ये आहे.

2. महिन्याचे तीस दिवस, म्हणजे तीस कॅप्शन लिहायची का?

नाही. मी बारा लिहिते. पहिल्या वर्षी मीही रोज एक लिहायला बसले होते आणि नवव्या दिवशी "शुभ सकाळ, आज काय बेत?" इथपर्यंत घसरले. ज्या दिवशी सांगण्यासारखं काही नसतं त्या दिवशी लिहिलेलं कॅप्शन लोक बघून पुढे सरकवतात, आणि मग ऑर्डर बंद होण्याचं कॅप्शनही त्याच ओघात सरकवतात.

बारापैकी पाच विक्रीची. बाकी सात घरात खरोखर चाललेल्या कामाची. मधल्या दिवसांत स्टेटसवर कढईचा, डाळींचा एखादा फोटो टाकते, पण तो सहज. त्यासाठी कॅप्शन आखत नाही.

3. सुरुवात कुठून करायची? मला तर आधी कॅप्शनच सुचत नाहीत.

कॅप्शनपासून सुरुवात करायचीच नाही. कढईपासून करायची. पूर्ण हिशोब मांडून दाखवते.

माझ्याकडे दोन शेगड्या. त्यांतल्या एकीवर कुकर, चहा, मुलाचा डबा चालूच असतो, म्हणजे तळणाला एकच. त्या एका शेगडीवर मी दिवसाला चार किलो माल नीट काढू शकते. कधी पाच निघतो, पण पाचव्या किलोची चकली घाईने मोठ्या आचेवर तळली जाते, वरून लाल होते आणि आत मऊ राहते. म्हणून चारच धरायचे. दिवाळीच्या मालासाठी माझ्याकडे 26 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर असे दहा दिवस आहेत. त्याआधी केलं तर माल दिवाळीपर्यंत शिळा वाटेल. दहा दिवस गुणिले चार किलो, म्हणजे चाळीस किलो.

माझा डबा एक किलोचा: चकली, चिवडा, शंकरपाळे आणि बेसन लाडू, प्रत्येकी पाव किलो. म्हणजे चाळीस डबे. एकेचाळिसावा डबा माझ्याकडे नाही. कॅप्शनने तो विकला तर तो मी रात्री दोनला जागून करणार.

आता या चाळिसातले किती कॅप्शनने विकायचेत? गणपती उठले की लगेच मी जुन्या ग्राहकांना एकेक करून मेसेज करते. समजा त्यातून पंधरा डबे आधीच ठरले, तर उरले पंचवीस. म्हणजे अख्ख्या महिन्याच्या कॅप्शनचं काम पंचवीस डबे विकणं, एवढंच. हा आकडा समोर आला की "रोज काय टाकू" ही धडधड थांबते.

मग तारखा मागून पुढे लावायच्या. डबे घरपोच 5 आणि 6 नोव्हेंबरला, म्हणजे धनत्रयोदशीपर्यंत. तळण 26 ऑक्टोबरपासून. म्हणून ऑर्डर बंद 25 ऑक्टोबरला, कोजागिरीच्या रात्री. ऑर्डर सुरू 11 ऑक्टोबरला, घटस्थापनेला. एवढ्या चार तारखा वहीत लाल पेनाने पडल्या की अर्धी कॅप्शन आपोआप सुचतात, कारण कुठल्या दिवशी काय सांगायचंय हे तारीखच सांगते.

4. भरलेलं कॅलेंडर दिसतं कसं?

बारापैकी सहा ओळी देते. बाकीच्या याच धाटणीच्या आहेत.

| तारीख | घरात काय चाललंय | कॅप्शनची पहिली ओळ |
|---|---|---|
| गुरु 8 ऑक्टो. | भाजणीचे तांदूळ धुऊन सावलीत वाळताहेत | तांदूळ पंख्याखाली पसरलेत, आज घरात पाय ठेवायला जागा नाही. |
| रवि 11 ऑक्टो. | ऑर्डर सुरू | दिवाळी फराळाचा डबा, 1 किलो, 720 रुपये. 25 डबे घेणार आहे. |
| रवि 18 ऑक्टो. | हिशोब, सामानाची यादी | 25 पैकी ____ डबे ठरले. |
| मंगळ 20 ऑक्टो. | दसरा, कामाला सुट्टी | आज झाऱ्याची, सोऱ्याची पूजा. |
| शनि 24 ऑक्टो. | उद्या ऑर्डर बंद | उद्या रात्री 9 ला वही बंद करते. ____ डबे बाकी. |
| बुध 28 ऑक्टो. | चकलीचं तळण | पहिला घाणा मोडून बघितला. आवाज ऐका. |

रिकाम्या जागा मुद्दाम आहेत. तिथला आकडा त्या दिवशी सकाळी भरायचा, आधी नाही.

दसऱ्याच्या कॅप्शनमध्ये मी डब्यांचं नावही काढत नाही. सोऱ्या, झारा, मोठी कढई पाटावर मांडते, हळदकुंकू लावते, झेंडूचं फूल ठेवते, फोटो काढते. ते बघून चार जणी विचारतातच.

5. बारा कॅप्शन एका बैठकीत लिहायची कशी? दुसऱ्या कॅप्शनलाच डोकं रिकामं होतं.

डोक्यातून लिहायला बसलं की होतंच तसं. वर्षभर काम करताना जे तोंडून निघतं ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायचं. "या वेळी भाजणी गिरणीतून आली तेव्हा पिशवी हाताला गरम लागत होती." "मोहन जास्त झालं, चकली सोऱ्यातून पडतानाच तुटतेय." "बेसन भाजताना एका क्षणी वास बदलतो, तोच क्षण." हा कच्चा माल. ज्या दिवशी कॅप्शन लिहायची त्या दिवशी फक्त ही वाक्यं तारखांसमोर लावायची.

मी दोन बैठका करते. पहिलीत, साधारण तासाभरात, बाराही कॅप्शनची फक्त पहिली ओळ. दुसरी बैठक दुसऱ्या दिवशी, तेव्हा खालचा मजकूर. दोन्ही एकदमच केलं तर पहिल्या तीन कॅप्शनवर जीव ओतला जातो आणि शेवटची तीन तारा पाठवल्यासारखी होतात.

लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. शेजारच्या काकूंना दारात उभं राहून जे सांगितलं नसतं ते खोडा. "चवीचा अविस्मरणीय अनुभव" मी काकूंना आजवर सांगितलेला नाही.

6. पहिल्या ओळीला एवढं महत्त्व का?

इन्स्टाग्रामवर कॅप्शन 2200 अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फोटोखाली दिसतात साधारण पहिली सव्वाशे अक्षरं. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं, आणि बोट लावायचं की नाही हे त्या सव्वाशेवर ठरतं. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांट्याही अक्षरांत मोजल्या जातात, त्यामुळे मराठीत ती जागा अजूनच लवकर संपते. पंधरा-सोळा शब्द धरून चाला.

माझं एक जुनं कॅप्शन असं होतं: "दिवाळी स्पेशल! अस्सल घरगुती चवीचा, प्रेमाने बनवलेला, खमंग आणि कुरकुरीत फराळ आता तुमच्या दारी! आजच ऑर्डर करा!" यात चूक काहीच नाही, पण हे मिठाईच्या दुकानालाही लागू पडतं. कोण विकतंय, किती, कितीला, कधीपर्यंत, यातलं काहीच त्या जागेत नाही.

तेच नंतर असं लिहिलं: "चकलीची भाजणी आज दळून आली. 26 तारखेपासून तळण. ऑर्डर 25 पर्यंत, डबा 720 रुपये." तेवढ्याच जागेत सगळं बसलं, आणि "खमंग" हा शब्द न लिहिताही भाजणी म्हटल्यावर ज्याला वास यायचा त्याला आला.

7. किंमत कॅप्शनमध्ये लिहावी का, की "मेसेज करा" म्हणावं?

लिहा. "किंमतीसाठी मेसेज करा" लिहिलं की तुमचीच संध्याकाळ जाते. भाकरी थापताना वीस जणींना तेच 720 टाइप करायचं, त्यातल्या बाराजणी "बरं" म्हणून गप्प होतात. किंमत दिसली तर ज्यांना परवडत नाही त्या आधीच वळतात, आणि मेसेज येतो तो "दोन डबे लिहा" असा.

अपवाद एकच: ऑफिसांत वाटायला पन्नास छोटी पाकिटं, अशा मापून ठरणाऱ्या ऑर्डरी. तिथे "अमुक रुपयांपासून पुढे" एवढं लिहा. आणि माझ्यासारखी चाळीस डब्यांची कढई असेल तर अशी ऑर्डर घेण्याआधी प्रश्न 3 मधला हिशोब पुन्हा मांडा.

8. व्हॉट्सअ‍ॅपला आणि इन्स्टाग्रामला एकच कॅप्शन चालतं का?

मजकूर तोच, पण मांडणी वेगळी. स्टेटस 24 तासांत जातं आणि बघणारे बहुतेक ओळखीचे असतात. तिथे "मी कोण" सांगावं लागत नाही, एकच ओळ पुरते. इन्स्टाग्रामवरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही आणि तो फोटो महिन्यानेही बघू शकतो, म्हणून तिथे गाव, किंमत आणि तारीख महिन्यासकट लिहा. "उद्या शेवटचा दिवस" हे स्टेटसवर बरोबर आहे. इन्स्टाग्रामवर "रविवार, 25 ऑक्टोबर" लिहा. नाहीतर नोव्हेंबरात कुणीतरी विचारतं, "उद्याचं मिळेल ना?"

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीची एक गोम आहे. एका यादीत 256 जण बसतात, पण मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवलाय. ज्यांच्याकडे साठवलेला नाही त्यांना तो जातच नाही, आणि तुम्हाला तसं कुणी सांगतही नाही. म्हणून डबा देताना मी आतल्या चिठ्ठीवर लिहिते, "नंबर सेव्ह करा, संक्रांतीला तिळगुळाचं कळवते."

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही. ती प्रोफाइलवर ठेवा आणि कॅप्शनमध्ये फक्त "नंबर प्रोफाइलवर आहे" एवढं. हॅशटॅग तीन-चार पुरे, त्यातला एक गावाचा. डोंबिवलीच्या बाईला डोंबिवलीतलंच गिऱ्हाईक हवंय.

9. सगळं आधीच शेड्यूल करून ठेवलं आणि मधेच माल संपला तर?

हे माझ्याकडून झालंय. एका दिवाळीला शनिवारच्या सकाळसाठी "शेवटचे 10 डबे बाकी" असं लावून ठेवलं. गुरुवारी एका सोसायटीतून एकदम अकरा डब्यांची ऑर्डर आली आणि माल संपला. शनिवारी मी गिरणीत रांगेत उभी, आणि कॅप्शन आपलं आपण पडलं. घरी येईपर्यंत सात मेसेज. सहा जणींना नाही म्हटलं. सातवी नणंदेची जाऊ होती, तिच्यासाठी रात्री तळलं.

तेव्हापासून नियम असा: ज्या कॅप्शनमध्ये आकडा किंवा "बाकी" हा शब्द आहे ते आपोआप पडायला लावायचं नाही. ते मसुद्यात तयार ठेवायचं आणि त्या सकाळी वहीतला शेवटचा रकाना बघून, आकडा भरून, हाताने टाकायचं. भाजणीचं, तळणाचं, दसऱ्याचं कॅप्शन खुशाल आधी लावा. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खातं असेल तर अ‍ॅपमधूनच पुढची तारीख देता येते. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस मात्र हातानेच टाकावं लागतं, त्यासाठी मोबाइलवर गजर लावते.

माल ठरल्या तारखेआधी संपला तर विक्रीची उरलेली कॅप्शन काढून टाका आणि त्यांच्या जागी एकच टाका: "डबे संपले. भाजणी मात्र मिळेल, अर्धा किलोच्या पिशव्या." भाजणीला कढई लागत नाही.

10. पितृपक्षात पोस्ट टाकावी का?

आपलं म्हणणं काहीही असो, त्या पंधरवड्यात नवी खरेदी न करणारी घरं भरपूर आहेत. 2026 मध्ये सर्वपित्री अमावास्या 10 ऑक्टोबरला आहे, म्हणजे आपल्या महिन्याचे पहिले तीन दिवस त्यातच येतात. तेव्हा मी विकत काही नाही. 8 तारखेचं तांदूळ वाळवण्याचं कॅप्शन जातं, त्यात ना किंमत, ना "ऑर्डर". काम चालू झालंय एवढं लोकांना दिसतं. घटस्थापनेला ऑर्डर उघडली की ते कुणाला अचानक वाटत नाही.

11. मध्येच तेल महागलं, किंवा मीच आजारी पडले, तर कॅलेंडरचं काय?

तेलाचं आधी. ज्यांनी ऑर्डर दिलीय त्यांना जुनीच किंमत. नव्यांसाठी किंमत बदलायची असेल तर जुन्या पोस्टमधलं कॅप्शनही संपादित करा, नाहीतर तिथला 720 चा फोटो काढून कुणीतरी दाखवतं, आणि त्यात त्यांची चूक नसते. मी हे टाळते. ऑर्डर उघडण्याआधी तेलाचे दोन डबे आणून ठेवते आणि किंमत महिनाभर हलवत नाही.

आजारपणासाठी वहीत दोन "राखीव" कॅप्शन असावीत, कुठल्याही दिवशी चालणारी. माझी ठरलेली दोन: सोऱ्याच्या ताटल्यांचा फोटो (चकलीची, शेवेची, कडबोळ्याची, कुठली कशाची ओळखा) आणि आजेसासूबाईंच्या पितळी डब्याचा. ताप असेल तर ही पडतात. पण तळणाच्या दिवसांत आजारी पडलात तर राखीव कॅप्शन कामाचं नाही. ज्यांचे डबे ठरलेत त्यांना फोन करून सांगा, पोस्ट टाकून नाही.

12. "शुगर फ्री", "ग्लूटेन फ्री", "मधुमेहींसाठी" असं लिहिलं तर चालतं का? लोक विचारतात म्हणून लिहावंसं वाटतं.

इथे जरा सावकाश वाचा, कारण प्रत्येक शब्दाची गोष्ट वेगळी आहे.

गुळाचे लाडू "शुगर फ्री" नसतात. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी 2018 चे नियम आहेत. त्यांनुसार हा शब्द वापरायला 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही, आणि गूळ तर बहुतेक साखरच. "साखर न घातलेले" हेही गुळाला लागू होत नाही. "गुळाचे लाडू" लिहा. ते खरंही आहे आणि लोक शोधतातही तसंच.

चकलीच्या भाजणीत गहू नसतो, म्हणून "ग्लूटेन फ्री" लिहायचा मोह होतो. पण ती भाजणी ज्या गिरणीत दळली तिथे दिवसभर गहू दळला जातो. तुमच्या पिशवीत आधीच्या माणसाचं पीठ थोडं तरी येतंच, ही गोष्ट आपण सगळ्याच जाणतो. गव्हाचा खरोखर त्रास असलेल्या माणसाला तेवढंही बाधू शकतं. लिहायचंच तर असं लिहा: "भाजणीत गहू नाही, पण दळण सार्वजनिक गिरणीतलं आहे." वाचणारा काय ते ठरवेल.

"मधुमेहींसाठी उत्तम", "साखर कमी करतो" हे तर अजिबात नको. मधुमेहावर उपाय असल्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. कॅप्शन म्हणजे जाहिरातच, आपण कितीही घरगुती असलो तरी.

अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक पाकिटाच्या लेबलवर हवाच. मी तो प्रोफाइलवर आणि ऑर्डर उघडण्याच्या कॅप्शनखालीही लिहिते. नवीन गिऱ्हाईक तो विचारतं, आणि विचारायलाच हवा.

13. परदेशात पाठवायच्या डब्यांसाठी वेगळं कॅप्शन का लागतं?

कारण तारीख वेगळी असते. आत्येभावाला न्यू जर्सीत डबा दिवाळीआधी मिळायचा तर तो दसऱ्याच्या सुमारास इथून निघायला हवा. माझी परदेशाची ऑर्डर 14 ऑक्टोबरला बंद होते आणि तो माल 16 आणि 17 तारखेला वेगळा तळते. हे चाळीस डब्यांच्या बाहेरचे दोन दिवस, प्रश्न 3 च्या हिशोबात धरलेले नाहीत.

म्हणून 13 ऑक्टोबरचं कॅप्शन फक्त या लोकांसाठी असतं, आणि ते वाचणारे परदेशातले नसतात, इथले आईवडील असतात. पहिली ओळ त्यांच्याशी बोलणारी हवी: "मुलांना परदेशात फराळ पाठवायचाय? उद्या शेवटचा दिवस." यात लाडू द्यायचे का हे आधी कुरिअरवाल्याकडून पक्कं करा, काही देशांत दुधातुपाच्या पदार्थांवर बंधनं असतात. ओल्या नारळाची करंजी मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणा, ती दोन-तीन दिवसांची पाहुणी.

14. ग्राहकाने पाठवलेला मेसेज कॅप्शनमध्ये वापरू का?

विचारून. नाव, नंबर, प्रोफाइलचा फोटो झाकून. आणि कौतुक निवडताना "खूपच छान ताई" यापेक्षा ज्यात काही घडलंय ते निवडा. मला एकीने लिहिलं होतं, "चकली सासऱ्यांनी लपवून ठेवलीय." विचारून ते वापरलं, नाव न घेता. पुढच्या वर्षी तिच्या सासऱ्यांनी स्वतः फोन करून वेगळी अर्धा किलो मागवली.

15. प्रमाण मराठीत लिहू की बोलते तसं? आणि रोमन लिपीत लिहिलं तर जास्त लोक वाचतात का?

बोलता तसं. "कानवले" म्हणत असाल तर कानवले लिहा, करंजी करू नका. रोमन लिपीत मी लिहीत नाही, माझं गिऱ्हाईक देवनागरी वाचतं. मुलांच्या पिढीला विकत असाल तर एखादी ओळ तशी टाकून बघा.

16. कुठल्या कॅप्शनने ऑर्डर आली हे कळणार कसं?

लाइकवरून नाही. सोऱ्याच्या ताटल्यांच्या फोटोला सर्वांत जास्त लाइक येतात आणि त्यावरून आजवर एकही डबा गेलेला नाही.

मी प्रत्येक विक्रीच्या कॅप्शनला एक वेगळा शब्द देते. घटस्थापनेच्या कॅप्शनखाली "ऑर्डरसाठी 'घट' लिहून पाठवा", 18 तारखेच्या खाली "'यादी' लिहून पाठवा", 24 च्या खाली "'वही'". मेसेज आला की तो शब्द डब्यासमोर टिपायचा. सगळ्याजणी लिहीत नाहीत, काही नुसतंच "हाय" करतात. त्यांना विचारते, "कुठे बघितलंत?" महिन्याच्या शेवटी वहीत मोजलं की चित्र कळतं. माझ्याकडे दरवर्षी साधारण तेच निघतं: पहिल्या दिवशी बऱ्याच, मधे शांतता, आणि शेवटच्या दोन दिवसांत पुन्हा गर्दी. म्हणून मधल्या आठवड्यातली शांतता बघून आता मी घाबरून सूट जाहीर करत नाही. एकदा केली होती. ज्यांनी पूर्ण किमतीला आधी घेतला होता त्यांचे फोन आले, आणि फरक परत द्यावा लागला.

17. डबे पोचले की पोस्ट बंद?

5 तारखेला निघालेल्या डब्यांच्या पिशव्यांचा एक फोटो टाका, "सगळे निघाले" एवढंच. मग भाऊबीजेपर्यंत, म्हणजे 11 नोव्हेंबरपर्यंत काही नको, लोक पाहुण्यांत असतात. त्यानंतर एक कॅप्शन राखून ठेवा: उरलेली भाजणी, किलोच्या हिशोबाने. थालीपिठाची नव्हे, चकलीची, हे मोठ्या अक्षरांत लिहा. मागच्या वर्षी एकीने तिची थालीपिठं लावली आणि "कडक का होतात?" म्हणून मलाच विचारलं.

18. माझा धंदा फराळाचा नाही. हेच चालेल का?

प्रश्न 3 चा हिशोब चालेल, तारखा बदलतील. पापड-कुरडया असतील तर ऊन हीच तुमची शेगडी, आणि ढगाळ दिवस म्हणजे बुडालेला दिवस. सात दिवसांत दोन ढगाळ धरूनच डब्यांचा आकडा लिहा.